डबल मार्कर, एनआयपीटी की ॲम्निओ? गर्भाच्या गुणसूत्र तपासण्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या जोडप्यांशी या तपासण्यांबद्दल बोलणं हे माझं रोजचं काम आहे. बहुतेक वेळा आधी मोबाईलवर रिपोर्टचा फोटो येतो आणि त्याखाली एकच ओळ असते : "मॅडम, हे काय आलंय?" पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एखाद्या उत्तराचा पुढचा भाग दुसऱ्या प्रश्नात असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. डबल मार्करचा रिपोर्ट 'हाय रिस्क' आलाय. म्हणजे बाळाला डाउन सिंड्रोम आहे का?

नाही. लाल अक्षरात छापलेला तो आकडा फक्त शक्यता सांगतो. समजा तिथे १:१८० लिहिलं आहे. अगदी असाच रिपोर्ट आलेल्या १८० जणी एकत्र बसवल्या, तर त्यांतल्या साधारण एकीच्या बाळाला डाउन सिंड्रोम असेल, १७९ जणींच्या बाळांना नसेल. तुम्ही त्या एक आहात की १७९ पैकी, हे या तपासणीला सांगता येत नाही.

बऱ्याच लॅब १:२५० ही रेघ धरतात. आकडा रेघेच्या अलीकडे आला की 'हाय रिस्क', पलीकडे गेला की 'लो रिस्क'. १:२४५ आणि १:२५५ यांत खरं तर काहीच फरक नाही, पण एकीच्या घरी त्या रात्री कुणी जेवत नाही आणि दुसरी निर्धास्त झोपते. म्हणून रंगाकडे पाहू नका, आकडा वाचा. आणि लो रिस्क आला म्हणजे खात्री झाली, असंही समजू नका. गर्भाच्या मानेमागचं पाणी मोजणारी एनटी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी दोन्ही नीट झाल्या असतील तरी डाउन सिंड्रोमच्या १०० गर्भांपैकी साधारण ९० सापडतात, बाकीचे निसटतात.

२. स्क्रीनिंग आणि निदान यांत फरक काय? कुठली तपासणी कशात मोडते?

स्क्रीनिंगमध्ये बाळाला हात लागत नाही. आईचं रक्त आणि सोनोग्राफी यांवरून अंदाज बांधला जातो. ११ ते १३ आठवडे ६ दिवस या काळातली एनटी सोनोग्राफी आणि डबल मार्कर, १५ आठवड्यांनंतरची क्वाड्रुपल मार्कर आणि १० आठवड्यांपासून करता येणारी एनआयपीटी या सगळ्या स्क्रीनिंगच्या तपासण्या आहेत. एनआयपीटी कितीही महाग आणि अचूक असली तरी तीही स्क्रीनिंगच. हे अनेकांना माहीत नसतं आणि त्यातून बरेच घोळ होतात (प्रश्न ५ आणि १२).

निदानाच्या तपासणीत गर्भाच्या किंवा वारेच्या पेशी प्रत्यक्ष काढून त्यांतली गुणसूत्रं पाहिली जातात. गर्भजल काढलं तर ॲम्निओसेंटेसिस, वारेचा तुकडा काढला तर सीव्हीएस. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, २३ जोड्या. २१ क्रमांकाचं तिसरं गुणसूत्र असेल तर डाउन सिंड्रोम, १८ चं असेल तर एडवर्ड्स, १३ चं असेल तर पटाऊ सिंड्रोम. ते तिसरं गुणसूत्र आहे की नाही, याचं ठाम उत्तर फक्त निदानाची तपासणी देते, आणि त्यासाठी सुई घालावी लागते. या पानावरचे जवळजवळ सगळे प्रश्न त्या सुईपाशीच येऊन थांबतात.

३. १:१८० हा आकडा लॅबने काढला कुठून? तो चुकू शकतो का?

सुरुवात आईच्या वयापासून होते. प्रसूतीच्या वेळी आई २५ वर्षांची असेल तर डाउन सिंड्रोमची शक्यता साधारण १२५० मध्ये १ असते, ३५ व्या वर्षी ३५० मध्ये १ आणि ४० व्या वर्षी १०० मध्ये १. मग गर्भाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी, म्हणजे एनटी, आणि रक्तातले पॅप-ए व फ्री बीटा एचसीजी हे दोन घटक घेऊन सॉफ्टवेअर तो मूळ आकडा वरखाली करतं. डाउन सिंड्रोममध्ये बहुधा एनटी वाढलेली, पॅप-ए कमी आणि बीटा एचसीजी जास्त दिसते.

आता चुकण्याबद्दल. रक्तातल्या या घटकांचं प्रमाण दर आठवड्याला बदलतं, म्हणून गर्भाचं नेमकं वय लॅबला माहीत असावंच लागतं. आपल्याकडे सोनोग्राफी चिपळूणला, रक्त गावच्या कलेक्शन सेंटरवर आणि मशीन मुंबईत, असा प्रवास असतो. मधल्या फॉर्मवर वजन अंदाजाने टाकलेलं, पाळीची तारीख पंधरा दिवस चुकलेली, गर्भाची लांबी लिहायची राहिलेली, एनटीचा रकाना कोरा, असे रिपोर्ट मी नेहमी पाहते. म्हणून घाबरण्याआधी रिपोर्टचा वरचा भाग वाचा. तुमची जन्मतारीख, वजन, गर्भाची लांबी (सीआरएल, ४५ ते ८४ मिलिमीटरच्या दरम्यान हवी), एनटी, एक गर्भ की जुळे, मधुमेह, आयव्हीएफ हे सगळं बरोबर आहे का? दात्रीचं बीज वापरलं असेल तर वय दात्रीचं धरायचं, तुमचं नाही. काही चुकलं असेल तर त्याच रक्तावर आकडा पुन्हा काढून देता येतो. लॅबला फोन करून तसं सांगा. मात्र माहिती सगळी बरोबर असताना 'दुसऱ्या लॅबमधून एकदा करून बघू' म्हणून डबल मार्कर परत करू नका. दोन वेगळे आकडे हातात येतात आणि गोंधळ तेवढा वाढतो.

४. माझं वय २६. मला कशाला हे सगळं?

एकेका बाईचा विचार केला तर वयाबरोबर शक्यता वाढते, हे खरं. पण बहुतेक बाळं तरुण आयांनाच होतात, त्यामुळे डाउन सिंड्रोमची बरीच बाळंही तरुण आयांच्या पोटीच जन्मतात. तपासणी करायची की नाही हे तुम्ही ठरवा, फक्त वय कमी म्हणून ती सोडू नका.

५. एनआयपीटी केली तर सुई टळेल ना? जाहिरातीत ९९ टक्के अचूक म्हणतात.

बऱ्याच जणींची टळते, हे खरं आहे. आईच्या रक्तात वारेतून सुटलेले डीएनएचे बारीक तुकडे फिरत असतात, एनआयपीटी ते मोजते. डाउन सिंड्रोमचे १०० पैकी ९९ गर्भ ती पकडते. पण 'पकडते' आणि 'पॉझिटिव्ह आली म्हणजे आहेच' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकडे मांडून दाखवते.

१:१८० रिपोर्ट आलेल्या १८०० जणी घ्या. त्यांतल्या १० गर्भांना डाउन सिंड्रोम आहे. एनआयपीटी बहुधा दहाही पकडेल. उरलेल्या १७९० निरोगी गर्भांत हजारी एक चूक धरली, तर आणखी दोघींना खोटं पॉझिटिव्ह येईल. एकूण बारा पॉझिटिव्ह, त्यांतले दहा खरे.

आता डबल मार्करवर १:१००० आलेल्या १०,००० जणी घ्या. त्यांतही डाउन सिंड्रोमचे गर्भ दहाच, पण खोटे पॉझिटिव्हही साधारण दहा. म्हणजे वीस पॉझिटिव्ह आणि खरे त्यांतले निम्मे. तपासणी तीच, यंत्र तेच, फक्त ती करून घेणाऱ्या बायका बदलल्या. १८ आणि १३ या गुणसूत्रांच्या बाबतीत, हे आजार मुळात दुर्मिळ असल्याने, पॉझिटिव्ह खोटं निघण्याचं प्रमाण आणखी वाढतं.

म्हणून नियम सोपा आहे. एनआयपीटी निगेटिव्ह आली आणि सोनोग्राफी स्वच्छ असेल तर थांबता येतं. पॉझिटिव्ह आली तर निदानाच्या तपासणीशिवाय गर्भाबद्दल कोणताही निर्णय घेऊ नका. केवळ एनआयपीटीच्या कागदावर गर्भपाताच्या गोळ्या मागायला आलेली जोडपी मी पाहिली आहेत. त्यांना थांबवावं लागतं, कारण त्यांतलं एखादं बाळ पूर्ण निरोगी असू शकतं.

६. एनआयपीटी निगेटिव्ह आली, तरी डॉक्टर ॲम्निओ करा म्हणतात. पैसे काढायचा प्रकार आहे का?

तसं गृहीत धरू नका, आधी कारण विचारा. नेहमीची एनआयपीटी मोजकी गुणसूत्रं पाहते, मुख्यतः २१, १८ आणि १३. एनटी ३.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल, किंवा सोनोग्राफीत हृदयात, पोटाच्या भिंतीत, मेंदूत काही दोष दिसत असेल, तर कारण या तिघांच्या बाहेरचंही असू शकतं. एखाद्या गुणसूत्राचा बारीक तुकडा गळालेला असतो आणि एनआयपीटी त्याकडे बघतही नाही. अशा वेळी थेट ॲम्निओ आणि त्यावर असे बारीक तुकडे शोधणारी मायक्रोॲरे तपासणी हाच योग्य रस्ता आहे. आईवडिलांपैकी कुणाच्या गुणसूत्रांत अदलाबदल असल्याचं आधीच माहीत असेल तरीही तेच (प्रश्न १४).

७. एनआयपीटीचं उत्तर आलंच नाही, 'नो रिझल्ट' आलं. आता?

आईच्या रक्तात वारेचा डीएनए पुरेसा नसला की असं होतं. रक्त फार लवकर घेतलं किंवा आईचं वजन जास्त असलं की शक्यता वाढते. एकदा परत रक्त देऊन पाहता येतं आणि बऱ्याचदा उत्तर मिळतं. पण 'नो रिझल्ट' म्हणजे 'सगळं ठीक' असा अर्थ काढू नका. अशा गटात गुणसूत्रांचे दोष थोडे जास्तच सापडतात. दुसऱ्यांदाही उत्तर आलं नाही तर ॲम्निओबद्दल बोलायला बसा.

८. ॲम्निओ करताना नेमकं काय होतं?

१५ आठवडे पूर्ण झाल्यावर, सहसा १६ व्या आठवड्यानंतर करतात. त्याआधी केल्यास पाणी गळण्याचं आणि बाळाचं पाऊल वाकडं होण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून लवकर करून द्या असा आग्रह धरू नका.

तुम्ही साध्या सोनोग्राफीसारख्या झोपता. डॉक्टर आधी बाळ कुठे आहे, वार कुठे चिकटली आहे आणि पाण्याचा मोकळा कप्पा कुठे आहे हे पाहतात. पोट जंतुनाशकाने पुसतात. मग पडद्यावर सुईचं टोक सतत दिसत राहील अशा बेताने बारीक, लांब सुई आत जाते. त्वचेला इंजेक्शनइतकं टोचतं, गर्भाशयाची भिंत ओलांडताना पाळीत येते तशी एक कळ येते. पहिले एक-दोन मिलिलिटर पाणी वेगळं काढतात, कारण त्यात आईच्या पेशी मिसळलेल्या असू शकतात. त्यानंतर साधारण १५ ते २० मिलिलिटर घेतात, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे. निरोगी गर्भजल फिक्या पिवळ्या रंगाचं दिसतं. सुई आत असते ती मिनिटभर. नंतर बाळाचे ठोके तुम्हाला दाखवतात. काढलेलं पाणी बाळ पुन्हा भरून काढतं.

भूल लागत नाही, दाखल व्हावं लागत नाही. नवऱ्याला आत थांबू देतात का, हे आधी विचारून ठेवा. बरेच डॉक्टर देतात.

९. "सुई बाळाक लागात काय?" (सासूबाई विचारतायत)

सासूबाईंना सांगा, नाय लागत. सुई कुठे आहे ते डॉक्टर डोळ्यांनी बघत असतात आणि बाळापासून लांबचा कप्पा निवडतात. पूर्वी सोनोग्राफीशिवाय सुई घालत, तेव्हाच्या गोष्टी अजून सांगितल्या जातात. खरा धोका सुई लागण्याचा नाही, वेगळा आहे. तो पुढच्या प्रश्नात.

१०. गर्भ पडण्याचा धोका किती? एक डॉक्टर १०० मध्ये १ म्हणाले, दुसरे १००० मध्ये १.

दोघेही मनाचं सांगत नाहीत. १०० मध्ये १ हा आकडा १९८६ साली डेन्मार्कमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातून आला. त्या काळची सोनोग्राफी यंत्रं आजच्यापेक्षा कितीतरी धूसर होती. अलीकडे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावर सुईमुळे वाढणारा धोका साधारण १००० मध्ये १ ते ३ इतकाच दिसतो. सावधपणे सांगायचं तर २०० मध्ये १ पेक्षा कमी, असं मी जोडप्यांना सांगते.

इथे 'सुईमुळे वाढणारा' हे फार महत्त्वाचं आहे. १६ व्या आठवड्यानंतर काहीही न करता काही गर्भ आपोआप पडतात. त्यातच ज्यांना ॲम्निओ सांगितलेली असते त्यांच्यात ते प्रमाण आधीच जास्त असतं, कारण गुणसूत्रांचा दोष असलेले गर्भ जास्त पडतात आणि पॅप-ए खूप कमी असणं हेही वारेच्या दुबळेपणाचं लक्षण असू शकतं. त्यामुळे ॲम्निओनंतर पंधरा दिवसांनी काही झालं तर ते सुईनेच झालं, असं ठामपणे म्हणता येत नाही. आणि त्या बाईने आयुष्यभर स्वतःला दोष द्यावा असं तर अजिबातच नाही.

धोका करणाऱ्याच्या हातावरही अवलंबून असतो. "तुम्ही नियमित करता का? एका वेळी किती वेळा सुई घालावी लागते?" हे विचारायला संकोच करू नका. त्यासाठी घाट चढून कोल्हापूरला, किंवा पुण्या-मुंबईला जावं लागलं तरी मला ते योग्य वाटतं.

११. आमचा धोका १८० मध्ये १ आणि सुईचा ४०० मध्ये १. मग सुई स्वस्त पडली, करून टाकावी का?

हा हिशेब सगळेच असा मांडतात आणि तो अपुरा आहे. दोन आकडे शेजारी ठेवले की तुलना झाली असं वाटतं, पण त्यांच्या मागे उभ्या असलेल्या दोन घटना सारख्या वजनाच्या नाहीत. एकीकडे डाउन सिंड्रोम असलेलं बाळ जन्माला येणं, दुसरीकडे कदाचित पूर्ण निरोगी असलेला गर्भ गमावणं. यांतलं तुम्हाला जड काय, हे कुठलीच लॅब सांगू शकत नाही.

एक जोडपं सांगते, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलले आहेत. राजापूर तालुक्यातली ३३ वर्षांची शिक्षिका, लग्नाला आठ वर्षं, तिसऱ्या आयव्हीएफला राहिलेला गर्भ. नवरा मुंबईत नोकरीला. एनटी १.८ मिलिमीटर, सोनोग्राफी स्वच्छ, डबल मार्कर १:१८०. रिपोर्ट आला तेव्हा साडेबारा आठवडे झालेले. नवऱ्याचं म्हणणं, ॲम्निओ करून एकदाचा निकाल लावू. ती काहीच बोलत नव्हती.

मी त्यांच्यासमोर कागदावर १८०० टिंबांचा हिशेब मांडला. सगळ्यांची ॲम्निओ केली तर डाउन सिंड्रोमचे दहाही गर्भ सापडतील आणि ४०० मध्ये १ धरला तर सुईमुळे चार-पाच गर्भ जातील, बहुतेक निरोगीच. आधी एनआयपीटी केली तर प्रश्न ५ प्रमाणे साधारण बाराच जणींना सुई लागेल आणि सुईने गर्भ जाण्याची वेळ जवळजवळ येणार नाही. मोबदल्यात काय सुटतं? एखादा डाउन सिंड्रोमचा गर्भ निसटू शकतो आणि एनआयपीटी ज्यांकडे पाहत नाही ते दुर्मिळ दोष कळत नाहीत. शिवाय एनआयपीटीचा खर्च डबल मार्करच्या कितीतरी पट असतो.

मग वेळेचा हिशेब. साडेबाराव्या आठवड्यात ॲम्निओ होऊच शकत नाही, सोळाव्यापर्यंत थांबावंच लागतं. एनआयपीटीचं उत्तर आठ-दहा दिवसांत येतं. म्हणजे तो वेळ असाही रिकामाच जाणार होता. हे ऐकल्यावर ती पहिल्यांदा बोलली : "उत्तर काहीही आलं तरी हे बाळ गमावायची तयारी माझी नाही. पण कळलं तर मला तयार व्हायचंय." त्यांनी एनआयपीटी केली, निगेटिव्ह आली, पुढची सविस्तर सोनोग्राफीही स्वच्छ निघाली आणि ते तिथेच थांबले.

त्याच महिन्यात मालवणकडची एक ३६ वर्षांची बाई आली होती, आकडा जवळपास तोच. दोन मुलं पदरात, त्यांतल्या थोरल्याला सेरेब्रल पाल्सी, त्याचं सगळं तीच करते. ती म्हणाली, "माका अंदाज नको, खरा काय ता सांगा." तिने एनआयपीटी वगळून सोळाव्या आठवड्यात ॲम्निओ केली. तिचाही निर्णय मला तितकाच बरोबर वाटतो.

तुमच्या घरी बोलताना तीन प्रश्न आधी घ्या. उत्तर आल्यावर आपण काय करू? अनिश्चितता सहन होईल की खात्री हवीच? गर्भ गेलाच, तर "आपण माहीत असून धोका घेतला होता" हे आपल्याला पेलेल का? यांची उत्तरं नवरा-बायकोने वेगवेगळी द्यावीत, मग एकत्र बसावं. दहा माणसांच्या ओटीवर हा विषय काढलात तर तुमचं स्वतःचं उत्तर त्यात हरवून जातं.

१२. एनआयपीटी पॉझिटिव्ह होती, ॲम्निओ नॉर्मल आली. खरं कोणाचं मानायचं?

ॲम्निओचं. एनआयपीटीतला डीएनए बाळाचा म्हटला तरी तो प्रत्यक्षात वारेचा असतो. कधी कधी दोष फक्त वारेत असतो, बाळात नसतो. क्वचित सोबतचा जुळा गर्भ आधीच विरघळलेला असतो आणि त्याचा डीएनए मोजला जातो. अशा गरोदरपणात वार नीट काम करते आहे ना, हे बघण्यासाठी बाळाच्या वाढीच्या सोनोग्राफी जास्त वेळा कराव्या लागतात.

१३. सीव्हीएस लवकर होते, मग तीच का नको?

११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान होते, उत्तर लवकर कळतं, हा मोठा फायदा. अनुभवी हातात धोका ॲम्निओच्या जवळपासच. पण नमुना वारेचा असल्याने, फक्त वारेत दोष असण्याची प्रश्न १२ मधली अडचण इथेही येते. शंभरात एक-दोन वेळा उत्तर संमिश्र येतं आणि शेवटी ॲम्निओ करावीच लागते. एनटी खूपच वाढलेली असेल किंवा घरात एखादा ठरावीक अनुवंशिक आजार असेल, तर सीव्हीएसचा विचार जरूर करा.

१४. पहिल्या मुलाला डाउन सिंड्रोम आहे. दुसऱ्या वेळी काय?

सगळ्यात आधी पहिल्या मुलाचा कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रं तपासल्याचा रिपोर्ट शोधा. कपाटात, जुन्या फाइलमध्ये, कुठेही असो. बहुतेक मुलांत २१ वं गुणसूत्र सुटं, तिसरं असतं. तसं असेल तर तरुण आईला पुन्हा तेच होण्याची शक्यता साधारण १०० मध्ये १. पण थोड्या मुलांत ते जास्तीचं गुणसूत्र दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं. मग आईवडील दोघांचीही गुणसूत्रं तपासावी लागतात, कारण त्यांच्यापैकी एकजण, स्वतः निरोगी असूनही, ते पुढे देत असू शकतो. दोन २१ एकमेकांनाच चिकटलेली असतील तर त्या पालकाच्या प्रत्येक जिवंत बाळाला डाउन सिंड्रोम असतो. हा रिपोर्ट नसेल तर मुलाचं रक्त देऊन तो आता करून घ्या, शक्यतो पुढच्या गरोदरपणाच्या आधीच.

१५. ॲम्निओच्या पाण्यावर तीन तपासण्या लिहून दिल्यात. तिन्ही लागतात का?

नेहमी नाही. क्यूएफ-पीसीआर किंवा फिश दोन-चार दिवसांत २१, १८, १३ यांचं उत्तर देते. डबल मार्करच्या आकड्यासाठी सुई घातली असेल तर मुख्य चिंता इथेच मिटते. कॅरिओटाइपसाठी पेशी वाढवाव्या लागतात, दोन-तीन आठवडे जातात, पण सगळी गुणसूत्रं दिसतात. मायक्रोॲरे बारीक गळालेले किंवा वाढलेले तुकडे दाखवते, मात्र गुणसूत्रांची समतोल अदलाबदल तिला दिसत नाही. सोनोग्राफीत दोष दिसला असेल तर मायक्रोॲरे हवीच. मायक्रोॲरेत कधी कधी असाही बदल सापडतो, ज्याचा अर्थ आज कुणालाच नक्की सांगता येत नाही. हे नमुना देण्याआधीच समजून घ्या.

१६. आम्हाला क्वाड्रुपलनंतर, १९ व्या आठवड्यात कळलं. उशीर झाला का?

उशीर झाला नाही, पण आता दिवस मोजून चालावं लागेल. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गर्भपात कायद्यानुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं मत लागतं आणि गर्भातला गंभीर दोष हे त्यांतलं एक कारण आहे. २४ आठवड्यांनंतर गर्भात मोठा दोष असेल तर वैद्यकीय मंडळाकडे जावं लागतं. संमती सज्ञान स्त्रीची स्वतःची लागते. नवऱ्याची किंवा सासऱ्यांची सही कायदा मागत नाही.

आता १९ व्या आठवड्यात एनआयपीटी करून दहा दिवस थांबलात, पॉझिटिव्ह आली, मग ॲम्निओ आणि तिचं उत्तर, की तुम्ही चोविसाव्याला टेकता. त्यामुळे प्रश्न ११ मधला 'आधी एनआयपीटी' हा सल्ला इथे तसाच लागू होत नाही. थेट ॲम्निओ आणि सोबत क्यूएफ-पीसीआर, असा विचार करा. पावसाळ्यात घाटात दरड कोसळली किंवा कोकण रेल्वे अडकली तर एक-दोन दिवस सहज जातात, म्हणून तारीख अगदी काठावरची घेऊ नका.

१७. ॲम्निओनंतर कोल्हापूरहून गाडीने घरी यायचंय. घाटातले धक्के चालतील?

धक्क्यांनी गर्भ पडत नाही. तरी मी त्या रात्री तिथेच राहायला सांगते. पहिल्या दिवशी पोटात थोडी कळ येते, आणि काही वाटलंच तर दवाखाना जवळ असावा. दोन दिवस जड उचलू नका, विहिरीचं पाणी ओढू नका, शरीरसंबंध टाळा. आठवडाभर झोपून राहिल्याने फायदा होतो, असं दिसलेलं नाही. खालून पाणी गळणं, रक्त जाणं, ताप किंवा थांबत नसलेली कळ, यांपैकी काहीही झालं तर वाट न बघता डॉक्टरकडे जा. पाणी गळालं तरी बऱ्याचदा ते काही दिवसांत आपोआप थांबतं, पण दाखवायला हवंच.

तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन लागतं. ते तिथेच घेऊन निघा, गावात वेळेवर मिळेल या भरवशावर राहू नका.

१८. गुणसूत्रं बघतातच, तर मुलगा की मुलगी तेही सांगतील का?

नाही. १९९४ च्या गर्भलिंग निदान प्रतिबंध कायद्याने ते सांगणं आणि विचारणं, दोन्ही गुन्हा आहे. ॲम्निओ फक्त नोंदणीकृत केंद्रातच होते. त्याआधी तुम्हाला समजणाऱ्या भाषेत लेखी संमती घ्यावी लागते आणि तिची प्रत मिळणं हा तुमचा हक्क आहे. मराठीतला फॉर्म मागा आणि वाचल्याशिवाय सही करू नका.

१९. काहीही आलं तरी आम्ही बाळ ठेवणार आहोत. मग तपासणी करण्यात अर्थ आहे का?

सुई टाळणं पूर्ण योग्य आहे, पण म्हणून सगळ्याच तपासण्या सोडू नका. डाउन सिंड्रोमच्या जवळजवळ निम्म्या बाळांच्या हृदयात दोष असतो. काहींच्या आतड्यात जन्मतः अडथळा असतो आणि पहिल्या काही दिवसांत शस्त्रक्रिया लागते. यासाठी ॲम्निओ लागत नाही. १८ ते २२ आठवड्यांत सविस्तर सोनोग्राफी, त्याच सुमारास गर्भाच्या हृदयाची इको आणि आठव्या महिन्याच्या सुमारास पुन्हा एकदा सोनोग्राफी करा, कारण आतड्यातला अडथळा बऱ्याचदा तेव्हाच दिसतो. काही सापडलं तर बाळंतपण गावात न करता नवजात शिशूंची शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयाजवळ करायचं ठरवा. दिवस भरायच्या दोन-तीन आठवडे आधी तिथे मुक्कामाला जा, आणि तिथल्या बालरोगतज्ज्ञांना फाइल आधीच दाखवून ठेवा.